खडूची न्हाणी

"आधी धरून बघ, मगे बोल."

बाळाकाका राऊळ हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणत. बाजारात सुरमई घेताना म्हणत, भाषण ऐकताना म्हणत, मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असताना समोरच्या मंडळींच्या खुर्चीची पाठ हलवून बघतानाही म्हणाले होते. परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, ते फिटर होते. तिथे यंत्राचा प्रत्येक बोल्ट हाताने धरून, हलवून, जरा लटकून बघायचा आणि मगच तो घट्ट आहे असं म्हणायचं, ही त्यांची शिस्त. गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली. बोल्ट गेले, पण हात तसाच राहिला. आमच्या वाडीत ते गणपतीला आले की सगळ्यात आधी ओटीचा खांब हलवून बघत. खांब हलत नसे. मग ते म्हणत, "बरा आसा," आणि घरात पाऊल ठेवत.

मी त्यांच्याच वाडीचा. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलुंडला त्यांच्या घरी तीन आठवडे राहिलो. एका डोळ्यावर पट्टी होती. पुढे जे सांगतोय ते, काकांचं पहिलं पडणं सोडलं तर, सगळं मी दुसऱ्या डोळ्याने पाहिलेलं आहे, आणि तो डोळा चांगला आहे.

बाळाकाकांचं वय ब्याऐंशी. उंची पाच फूट तीन इंच, अंग सुक्या बोंबलासारखं, पण आवाज दशावतारातल्या राजाचा; तरुणपणी ते वाडीच्या दशावतारात राजा होत असत. जानकीकाकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा प्रीतम अंधेरीला एमआयडीसीतल्या कंपनीत, सून रुचिरा पोस्टात. घर तिसऱ्या मजल्यावर, मुलुंड पूर्वेला. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, आणि एक न्हाणी. सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. या न्हाणीवरूनच सगळं घडलं.

मी येण्याच्या आदल्या महिन्यात काका न्हाणीत घसरले. पडता पडता त्यांनी टॉवेल अडकवायचा दांडा धरला. टॉवेलचा दांडा टॉवेलचं वजन पेलतो. तो भिंतीतून दोन स्क्रू आणि एक फरशी घेऊन बाहेर आला. मनगट मुरगळलं, कंबरेला मार बसला, हाड वाचलं. काका ओल्या पंच्यावर बाहेर आले ते हातात तो स्टीलचा दांडा तलवारीसारखा धरून, आणि हॉलच्या मध्यभागी उभे राहून म्हणाले, "धरून बघितलंय. आता बोलतंय. ही भिंत कामाची नाय."

त्या दिवसापासून न्हाणीचं दार उघडं राहू लागलं. काका आत, प्रीतम दारात. प्रीतम तोंड फिरवून उभा राही, आणि मोबाईलवर ऑफिसचे निरोप वाचत विचारी, "झालं का, बाबा?" काकांना बाकी कशाचं काही नव्हतं. पण ज्या माणसाने जन्मभर दार लावून आंघोळ केली, चाळीत वीस बिऱ्हाडांत एक न्हाणी असतानाही दार लावूनच केली, त्याला उघड्या दारात आंघोळ म्हणजे आंघोळ नव्हे. ते मला म्हणाले, "मी काय म्हैस आसंय? अंगणात बांधून पाणी घालूक?"

प्रीतम वाईट मुलगा नव्हे. त्याने उपाय सुरू केले. आधी त्याने रबराच्या वाट्यांनी भिंतीला चिकटणारा एक दांडा मागवला. खोक्यावर एका हसऱ्या गोऱ्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. काकांनी दांडा धरला, हलवला, जरा लटकले. दांडा पच्‌ असा आवाज करून हातात आला. काकांनी तो टॉवेलच्या दांड्याशेजारी कपाटावर ठेवला. मग प्रीतमने खुर्ची आणली. पांढरी, पाठ आणि हात असलेली, खाली रबरी बूट, आणि पायांना उंची कमीजास्त करायच्या कळा. खुर्ची चांगली होती. पण उंच असली की उठायला सोपी, असा विचार करून प्रीतमने तिचे पाय शेवटच्या भोकापर्यंत वाढवले. काका बसले ते सिंहासनावर बसल्यासारखे, आणि पाय हवेत लोंबकळत राहिले.

आणि बादली होती जमिनीवर.

मोबाईलवर प्रीतमने जेवढे व्हिडिओ बघितले होते त्या सगळ्यांत माणसं डोक्यावरच्या फवाऱ्याखाली आंघोळ करत होती. आमच्याकडे आंघोळ बादलीची आणि तांब्याची. जन्मभर बादलीशेजारी पाटावर बसून न्हाणाऱ्या माणसाला प्रीतमने वर उचलून ठेवलं होतं, आणि बादली होती तिथेच ठेवली होती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्याही नाही. त्यांना एवढंच कळलं की पाणी लांब गेलंय. मग त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे उपाय काढला. टॉवेलच्या तुटक्या दांड्याला सुतळीने तांब्या बांधला, आणि सिंहासनावर बसून विहिरीतून पाणी काढावं तसं बादलीतून पाणी काढू लागले. चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी तांब्या भरून आला, दांडा वाकला, काका पुढे झुकले, खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले. प्रीतम दारात होता म्हणून बरं. त्याने एका हाताने बाप धरला, दुसऱ्या हातातला मोबाईल बादलीत गेला.

त्या संध्याकाळी प्रीतम म्हणाला, "बस झालं. एक तारखेपासून नर्सिंग ब्युरोचा माणूस येईल. तोच आंघोळ घालेल. मी बोलून ठेवलंय."

काकांनी मुरगळलेलं मनगट चोळलं. मग म्हणाले, "साबण पण तोच लावतलो?"

"हो, बाबा. त्यांचं कामच असतं ते."

"रोज?"

"रोज."

काका उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. गॅलरीचा कठडा मात्र त्यांनी त्या दिवशी हलवून बघितला नाही. हे मी पाहिलं, आणि मला वाईट वाटलं.

एक तारखेला सतरा दिवस होते.

रुचिराने मध्ये तोंड घातलं. ती कमी बोलते, पण टपाल पोचवून सोडते. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंची भाची गार्गी, हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः कशी करता येतील हे बघणारी. रविवारी दहा वाजता ती आली. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, पाठीवर पिशवी, हातात टेप.

न्हाणी बघून ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आंघोळ कशी करता ते मला बघायचंय."

काका खुर्चीवरून उठलेच. "बायो, तुझा वय काय?"

"कपडे घालूनच, आजोबा. पाण्याशिवाय. कोरडी आंघोळ. हात कुठे जातो, पाय कुठे पडतो, तेवढंच बघायचंय."

"ह्या बरा. नाटकाची तालीम."

"तालीमच समजा."

पण साडेचार फुटांच्या न्हाणीत काका, खुर्ची, बादली आणि गार्गी एवढी मंडळी मावेनात. गार्गीने पिशवीतून खडू काढला. हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला आणि टेपने मोजून जमिनीवर न्हाणी काढली. चार रेघा म्हणजे भिंती. इथे दार, इथे नळ, इथे पाण्याची जाळी. प्रीतमने न्हाणीतली खुर्ची, बादली आणि तांब्या आणून रेघांच्या आत मांडले. दारात दोन जाड रेघा, म्हणजे उंबरठा. खरा उंबरठा चार इंच उंच होता, पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेली काळी कडाप्पाची पट्टी.

काका बाहेर उभे राहिले. खांद्यावर टॉवेल घेतला. अंगात बनियन आणि पट्ट्यांचा लेंगा. रेघांकडे एकदा बघितलं, आणि मला वाटतं त्याच क्षणी साठ वर्षांपूर्वीचा दशावतारातला राजा त्यांच्या अंगात शिरला. त्यांनी खडूच्या उंबरठ्यावरून पाय उचलला, चांगला वीतभर, आणि आत टाकला. हात हवेत डावीकडे गेला, जिथे काहीच नव्हतं.

"थांबा," गार्गी म्हणाली. "तिथेच हात राहू दे." तिने भिंतीच्या रेघेवर फुली मारली. "इथे एक उभा दांडा लागेल. आत शिरताना हात इथेच जातो."

मग काकांनी दार लावलं. नसलेलं दार, नसलेली कडी. कडी लावताना अंगठा बरोबर वळला. खुर्चीवर बसले. पाय लोंबकळले. गार्गीने गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत टेप लावली. सोळा इंच. "खुर्ची सोळावर आणा, दादा," ती प्रीतमला म्हणाली. "तुम्ही एकवीसवर ठेवलीय. तळपाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, नाहीतर माणूस खुर्चीवर नसतो, टांगलेला असतो." प्रीतमने मुकाट्याने कळा दाबून पाय आखडले. काका पुन्हा बसले. तळपाय टेकले. चेहरा बदलला.

"आता पाणी घ्या."

काका वाकले. बादली अजून जमिनीवरच होती. वाकता वाकता डोकं गुडघ्यांच्याही पुढे गेलं. गार्गीने त्यांच्या छातीवर हात आडवा धरला.

"ही तुमची खरी पडायची जागा," ती म्हणाली. "भिंत नाही, फरशी नाही. बादली. माणूस वर गेला, तर बादलीही वर यायला हवी."

हे ऐकून प्रीतम भिंतीला टेकून उभा राहिला. मला त्याची दया आली. इतके दिवस तो बापाचा हात धरत होता, आणि बादलीकडे बघितलंच नव्हतं.

एवढ्यात दाराची घंटा वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर आले. शहाण्णव किलोचे गृहस्थ, बगलेत फाईल. राऊळांकडे काहीतरी फोडाफोड होणार ही बातमी त्यांना कुठून तरी लागली होती. ते सरळ चालत हॉलच्या मध्यभागी आले.

"राऊळ, न्हाणीघराचा कोबा फोडायचा असेल तर..."

"भिंतीतून इलात," काका म्हणाले.

"काय?"

"भिंतीतून आत इलात. दार तिकडे आसा. आणि दार आतून लावलंय. मी आंघोळ करतंय."

श्यामसुंदरांनी खाली बघितलं. दोन्ही पाय खडूच्या रेघेच्या आत. त्यांनी गार्गीकडे बघितलं, प्रीतमकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं. मग हा मोठा माणूस उलट्या पावलांनी रेघेबाहेर गेला, वळसा घालून दारापाशी आला, आणि उभा राहिला. एवढंच नव्हे, घसा खाकरला.

"कोण आसा?" आतून काका.

"मी. श्यामसुंदर."

"बोला. साबण लावतंय."

"उंबरठा काढणार असं ऐकलं."

"काढणार," गार्गी म्हणाली. "चार इंच उंबरठा ब्याऐंशी वर्षांच्या पायाला डोंगर आहे. अर्धा इंच ठेवायचा, तोही उतरता. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात जाळीची लांब नाली, आणि फरशीला आतल्या जाळीकडे उतार."

"म्हणजे कोबा फुटणार. वॉटरप्रूफिंग जाणार. मग खाली सुनंदाताईंच्या छतातून पाणी. खालच्यांची लेखी संमती पाहिजे, आणि काम झाल्यावर पाणी तुंबवून चाचणी, अठ्ठेचाळीस तास. हा नियम आहे."

"नियम बरो आसा," आतून काका म्हणाले. "आधी धरून बघ, मगे बोल. पाणी पण."

सुनंदाताईंना बोलावलं. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या बाई. त्या दारातून आल्या, बाळाकाका हॉलच्या मध्यभागी खुर्चीवर बसून कोरडा तांब्या अंगावर ओततायत हे बघितलं, आणि चटकन पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"अहो, त्यांनी कपडे घातलेत," श्यामसुंदर म्हणाले.

"घातले असतील," सुनंदाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पण ते आंघोळ करतायत ना? मग मी बघणार नाही."

यावर काकांनी आतून म्हटलं, "ह्या घरात इतक्या दिवसांनी पयला शहाणा माणूस इला."

मग सोसायटीच्या इतिहासातली अशी पहिलीच सभा झाली. सेक्रेटरी खडूच्या दारापुढे, सुनंदाताई भिंतीकडे तोंड करून, गार्गी रेघेवर उकिडवी बसून खुणा करत, आणि मधोमध काका पाठ चोळत.

"माझं छत गेल्या वर्षी रंगवलंय," भिंतीकडे बघत सुनंदाताई. "गळलं तर?"

"गळणार नाही, ताई. नवीन वॉटरप्रूफिंग होईल," प्रीतम म्हणाला.

"हे सगळेच म्हणतात रे. तुझ्या बाबांसारखं सांग. धरून बघितलंस?"

प्रीतम डोकं खाजवू लागला.

"मी धरून बघितलंय तो टॉवेलचो दांडो," आतून काका. "सुनंदाबाय, माझ्यासाठी एक तारखेपासून माणूस येतलो. माका साबण लावूक. तुमका कोणी साबण लावलो तर चलात?"

सुनंदाताई तशाच भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "झाली का तुमची आंघोळ?"

"झाली. अंग पुसतंय."

"मग बाहेर या. मला आत जायचंय."

काका उठले. उठताना उजवा हात हवेत आडवा गेला, तिथे गार्गीने दुसरी फुली मारली. कडी काढली, पाय वीतभर उचलला, बाहेर आले. सुनंदाताईंनी पर्स रुचिराकडे दिली, खडूच्या उंबरठ्यावरून पाय उचलला, आणि अडखळल्या. काहीही नसलेल्या जागी. त्यांनी गुडघा धरला.

"मी घरी रोज इथेच अडखळते," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नव्हतं." मग खुर्चीवर बसल्या, दार लावलं, आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. श्यामसुंदरांनीसुद्धा, फाईल छातीशी धरून. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "माझाही उंबरठा काढून घ्या. त्याच माणसाकडून. संमती कुठे लिहायची?"

पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. बातमी लिफ्टने खाली गेली आणि जिन्याने वर आली. संध्याकाळी चार वाजता पाचव्या मजल्यावरच्या विमलाताई टॉवेल खांद्यावर टाकून आल्या. मग आणखी एक जोडपं. साडेपाच वाजता राऊळांच्या पॅसेजमध्ये नऊ म्हातारी माणसं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल, आणि आत एक जण हॉलमध्ये कोरडी आंघोळ करतोय. काका दाराशी स्टुलावर बसून व्यवस्था बघत होते. "एका माणसाक दहा मिन्टा. डोक्यावरून न्हाणाऱ्यांका बारा." एक गृहस्थ पंधरा मिनिटं बाहेर आले नाहीत, तेव्हा रांगेतून कुरकुर झाली की पाणी वाया घालवतायत. पाण्याचा थेंब नव्हता. तरी त्या गृहस्थांनी बाहेर येऊन माफी मागितली. गार्गी प्रत्येकाच्या हाताची खूण वहीत उतरवत होती. कुणाचा हात उजवीकडे गेला, कुणाचा डावीकडे, विमलाताईंचा नळाच्या पाईपवर. "पाईप धरायचा नाही," गार्गी म्हणाली. "पाईप पाण्यासाठी असतो." श्यामसुंदर सगळ्यात शेवटी आत गेले आणि कडी लावायला विसरले. काकांनी त्यांना पुन्हा रांगेत पाठवलं.

सोमवारी सहदेव आला. सहदेव म्हणजे मुलुंडमधला जुना प्लंबर, गवंडीकामही स्वतःच करणारा. त्याने खऱ्या न्हाणीची भिंत बोटाच्या पेरांनी वाजवली, डॉक्टर छाती वाजवतो तशी. एका जागी फरशी पोकळ बोलली. तिथेच टॉवेलचा दांडा होता.

"काका, फरशीने माणूस पेलत नाही," सहदेव म्हणाला. "गिलाव्यानेही नाही. वीट लागते." त्याने फुल्यांच्या जागी फरशीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरत नाही आणि फरशीला तडा जात नाही. दोन विटांच्या मधला सांधा टाळला, विटेच्या पोटात भोक पाडलं, फुंकून धूळ काढली, आत चिकट रसायन भरून बोल्ट रोवले. "चोवीस तास हात लावायचा नाही." काका चोवीस तास न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून बसले, कोणी हात लावू नये म्हणून.

मग दांडे बसले. दारात उभा एक, काकांच्या कमरेपासून कानापर्यंत. खुर्चीशेजारच्या भिंतीला आडवा एक, जमिनीपासून तेहेतीस इंचांवर, काका उभे राहिल्यावर मनगट जिथे येतं तिथून जरा वर. जाडी मुठीत मावेल एवढी, अंगावर बारीक चरे, ओला हात घसरू नये म्हणून. भिंतीपासून दीडच इंच लांब. काकांनी विचारलं, जास्त का नाही. सहदेव म्हणाला, "बोटं जावीत, काका. कोपर गेलं तर अडकून मोडतं." काकांनी मान हलवली. गिरणीतला माणूस गिरणीतल्या माणसाला ओळखतो तशी.

नळाखाली सहदेवने बादलीसाठी विटांचा कट्टा बांधला, दहा इंच उंच, वर खरखरीत फरशी. बादली ठेवल्यावर नळाखाली चार बोटं जागा उरली. मग उंबरठा फुटला. नवा कोबा, नवं वॉटरप्रूफिंग, बोटाला जाणवेल न जाणवेल असा आतल्या जाळीकडे उतार, दारात स्टीलची जाळी. फरशी पायाला धरणारी. दार आत उघडत होतं ते सहदेवने बाहेर उघडेल असं फिरवलं. "माणूस आत पडला तर दाराला टेकून पडतो," तो म्हणाला. "मग आत उघडणारं दार कोण उघडणार?"

सुकायला दिलेले दिवस झाल्यावर जाळ्या बंद करून, दारात सिमेंटचा तात्पुरता बांध घालून न्हाणीत पाणी भरलं. अठ्ठेचाळीस तास. त्या दिवसांत काकांनी विमलाताईंकडे आंघोळ केली, दार उघडं ठेवून, बाहेर प्रीतम. खाली सुनंदाताई आरामखुर्ची टाकून छताकडे बघत बसल्या. मी चहा घेऊन गेलो तर त्यांनी मला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं. दोन दिवस छतावर एक डाग आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर येऊन काकांना सांगितलं, "बघितलंय. आता बोलते. गळत नाही."

एक तारखेला दोन दिवस राहिले होते. सकाळी सगळे जमले. गार्गी हॉस्पिटलला जायच्या आधी आली. काकांनी आडवा दांडा दोन्ही हातांनी धरला, हलवला, लटकले. मग म्हणाले, "मी पन्नास किलो. ह्या काय वजन नाय. श्यामसुंदर, तुम्ही."

श्यामसुंदरांनी बूट काढले, आत गेले, दांडा धरला, गुडघे दुमडले आणि शहाण्णव किलोचे पाय जमिनीवरून उचलले. भिंतीने हूं की चूं केलं नाही. ते तसेच लटकत राहिले, जरा जास्तच वेळ, आणि त्यांच्या तोंडावर एक लहान मुलाचं हसू आलं.

"उतरा," काका म्हणाले. "खराब होईल."

कडीची बाहेरची बाजू खाच असलेली होती. आत काही झालं तर बाहेरून नाणं घालून फिरवता येईल अशी. नाणं रुचिराकडे ठेवायचं ठरलं, कारण ती उगाच फिरवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

राहिला प्रीतम.

"बाबा, दांडे झकास आहेत," तो म्हणाला. "पण दार... थोडे दिवस उघडंच ठेवूया ना. ब्युरोवाल्याला मी दोन महिन्यांसाठी सांगितलंय."

रुचिरा बोलली. "तू धरून बघितलंस?"

"सेक्रेटरी लटकले ना."

"तू रे."

प्रीतमने ऑफिससाठी घातलेले बूट काढले, मोबाईल रुचिराच्या हातात दिला आणि न्हाणीत गेला. दार लावलं, कडीचा आवाज आला. आम्ही बाहेर. श्यामसुंदर, सुनंदाताई, सहदेव, गार्गी, रुचिरा, मी, आणि पॅसेजमध्ये विमलाताई. सवयीने सगळ्यांनी पाठ फिरवली. आतून आधी काही ऐकू आलं नाही. मग खुर्चीचे रबरी बूट फरशीवर दाबल्याचा आवाज. मग तांब्या कट्ट्यावर टेकल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. पाच मिनिटांनी कडी निघाली. प्रीतम बाहेर आला. शर्टाची बाही उजव्या हाताला चुरगळली होती, दांडा घट्ट धरला होता तिथे.

"डोळे मिटून बसलो होतो," तो म्हणाला. "डोळे मिटले तरी हाताला सापडतो."

मग त्याने रुचिराकडून मोबाईल घेतला आणि तिथेच उभं राहून ब्युरोला फोन लावला. "राऊळ बोलतोय. एक तारखेचं... नको. नाही, कोणी दुसरा नाही. ते स्वतःच करतात."

काका गॅलरीत गेले, दोरीवरचा पंचा काढला, खांद्यावर टाकला. कपाटावरचे दोन्ही दांडे, टॉवेलचा आणि रबराचा, सहदेवच्या हातात दिले. "भंगारात घाल." मग साबणाची वडी उचलली आणि निघाले. हॉलमधून, जिथे पुसूनही खडूची एक फिकी रेघ राहिली होती, तिथून. भिंतीतून जायला नको म्हणून रेघेला वळसा घातला. न्हाणीच्या दारात पोचले. उंबरठा आता नव्हता, नुसती जाळी. तरी त्यांचा पाय उचलला गेला, वीतभर उंच, नसलेल्या कडाप्पावरून. पण डावा हात आधीच दारातल्या उभ्या दांड्यावर होता. पाय आत टेकला. दार लागलं. कडी लागली.

आणि आम्ही सात जण त्या बंद दाराकडे पाठ करून उभे राहिलो. फक्त प्रीतम दाराकडे तोंड करून उभा होता, आणि त्याने एक पाऊल मागे घेतलं.